टीमला मीटिंगचा मेल पाठवायचा होता, तो एचआरमध्येच अडकला: माझा अनुभव

वाळूजला एका ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत स्टोअर आणि डिस्पॅच मिळून जो सेक्शन आहे, त्याचा मी टीम लीडर आहे. आमच्याकडं एका बाजूला वीस-पंचवीस वर्षं ह्याच शेडमध्ये काढलेले काका लोक आहेत आणि दुसऱ्या बाजूला आयटीआय, डिप्लोमा, बीकॉम करून नवीन लागलेली पोरं-पोरी. दोघांनाही काम येतं, पण एकाचं बोललेलं दुसऱ्यापर्यंत पोचत नव्हतं. म्हणून सगळ्यांना एकत्र बसवायचं ठरवलं आणि त्यासाठी एक मेल लिहिला. तो मेल टीमपर्यंत जायला जे काही झालं त्याचा राग अजून गेला नाही म्हणून हे लिहायलो, कुणाला तरी उपयोगी पडेल.

आधी कारण सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. चाकणच्या एका कस्टमरचा दुपारी फोन आला की आज ८०० नग नको, ६०० च पाठवा. फोन काकांनी घेतला, त्यांनी लगेच लोडिंगवर जाऊन सांगितलं, गाडीत ६०० भरले. बिलिंगच्या टेबलाजवळून जाताना त्यांनी तिथंही मोठ्यानं सांगितलं असं ते म्हणतात, आणि ते खोटं बोलणारे नाहीत. बिलिंगची पोरगी म्हणते ग्रुपवर ८०० लिहिलेलं होतं, मी ग्रुप बघूनच बिल करते, आणि तेही खरंच आहे कारण मीच तसं सांगितलेलं की लेखी असेल तेच धरायचं. इन्व्हॉइस आणि मालाच्या गाडीसोबत द्यावं लागणारं ई-वे बिल दोन्ही ८०० चं निघालं, गेटवर सिक्युरिटीनं पेट्या मोजल्या आणि गाडी थांबली. ई-वे बिलात नंतर गाडीचा नंबर बदलता येतो, माल किती ते बदलता येत नाही. मग आधी ई-वे बिल कॅन्सल, त्यानंतर ई-इन्व्हॉइस कॅन्सल (दोन्हीला २४ तासांचीच मुदत असते), आणि तोच इन्व्हॉइस नंबर परत वापरता येत नाही म्हणून नवीन नंबरनं सगळं पहिल्यापासून. गाडी संध्याकाळी निघाली, ड्रायव्हर वेगळाच चिडलेला. आणि शेडमध्ये काका म्हणायलेत "पोरं कान देत नाहीत", पोरं म्हणायलीत "काका लिहून देत नाहीत".

तर मीटिंग घ्यायची. आमच्याकडं ट्रेनिंग हॉलचं बुकिंग एचआरकडं असतं, म्हणून मेलचा मसुदा जोडून हॉल मागितला. चार ओळींचा मेल होता, साधा. इथंच अडकलं.

पहिलं उत्तर आलं की मेल इंग्रजीत करा, कंपनीच्या फॉरमॅटमध्ये. मी म्हणलं साहेब, माझ्या सेक्शनमध्ये जो बोलायचा प्रश्न आहे तोच सोडवायला बसायलोत आणि बोलावणंच अर्ध्या लोकांना कळणार नाही अशा भाषेत कसं पाठवू? ते मान्य झालं पण त्याला बरेच दिवस गेले. मग म्हणले की विषयात सीनियर आणि ज्युनियर एम्प्लॉईज असं स्पष्ट पाहिजे, आणि सोबत दोन कॉलमची यादी जोडा, ४५ च्या वरचे एका बाजूला, ३० च्या खालचे दुसऱ्या बाजूला, जन्मतारखेसकट. मला हे वाचून खरंच राग आला. ज्या माणसाची रिटायरमेंट दोन वर्षांवर आली त्याचं नाव असं वयाच्या कॉलममध्ये सगळ्या सेक्शनला गेलं तर तो मीटिंगला येईल का? तो म्हणेल मला काढायची तयारी करायलेत. आणि पोरांना वाटणार आपल्याला संस्कार शिकवायला बोलावलंय. शिवाय आमच्यात ३० ते ४५ मधले पण आहेत, सगळ्यात जास्त निरोप इकडून तिकडं तेच नेतात, त्यांना कुठं बसवणार? यादी देणार नाही असं मी कळवलं.

मग प्लांट हेडना सीसी करा असं आलं. हे तर अजिबात करू नका बरं का, कुणी असा मेल काढणार असाल तर. आमच्याकडं वरच्या साहेबाचं नाव सीसीमध्ये दिसलं की काकांचा पहिला प्रश्न असतो, "कामून बोलावलंय, कुणी तक्रार केली का?" आणि मग माणूस मीटिंगमध्ये स्वतःचा बचाव घेऊनच येतो.

त्यानंतर नुसती शांतता. फोन केला की "हेडकडं गेलंय", प्रत्यक्ष गेलो की "साहेब ऑडिटमध्ये आहेत". एचआरच्या केबिनबाहेर ती प्लास्टिकची खुर्ची आहे तिच्यावर बसून मी लंच टाइम घालवलेत. ह्या मधल्या काळात अजून एका गाडीचा तसाच घोळ होता होता राहिला, तोही सिक्युरिटीवाल्या मामांनी पकडला म्हणून.

शेवटी तिथल्या एका कारकून ताईंनी खरं कारण सांगितलं, आणि ते आधी कुणी सांगितलं असतं तर एवढं झालंच नसतं. हॉल मागितला की त्यांच्या सिस्टीममध्ये ते ट्रेनिंग म्हणून चढतं. आणि ऑटोच्या कंपन्यांना आयएटीएफ ह्या क्वालिटी स्टँडर्डचं ऑडिट असतं, त्यात प्रत्येक ट्रेनिंगचं रेकॉर्ड दाखवावं लागतं. म्हणजे गरज काय होती, ट्रेनर कोण, हजेरीवर सह्या, आणि काही काळानं त्याचा परिणाम झाला का ते तपासलेला फॉर्म. त्या दोन कॉलमच्या यादीचा उगम तोच होता, गरज कुणाची हे दाखवायला. आणि ट्रेनरचं नाव कोण टाकणार यावर फाईल पडून होती, त्यांच्या मनात बाहेरचा ट्रेनर आणायचं होतं आणि त्याला बजेट नव्हतं. मी ताईंना विचारलं की हॉल नकोच, माझ्याच सेक्शनमध्ये बसलो तर? त्या म्हणल्या मग ती सेक्शन मीटिंग, तुमचे तुम्ही घ्या, मिनिट्स लिहून ठेवा, झालं.

एवढंच! प्रॉडक्शन मॅनेजरना तोंडी विचारलं, त्यांनी चाळीस मिनिटं दिली आणि त्याच संध्याकाळी मेल गेला. ज्यांना असं काही करायचंय त्यांनी पहिल्या दिवशीच एवढं विचारून घ्या की हे ट्रेनिंगमध्ये धरणार का मीटिंगमध्ये, हॉल चांगला एसीचा असला तरी त्याच्या नादी लागू नका.

मेल असा होता, जसाच्या तसा देतो:

"विषय: डिस्पॅचमधला बदल एकमेकांना कसा कळवायचा – गुरुवारी २:३० ते ३:१०, पॅकिंग टेबलाजवळ

सर्वांना नमस्कार,
मागच्या चाकणच्या गाडीला क्वांटिटीचा बदल फोनवर कळला, पण बिलात आला नाही. यात कुणा एकाची चूक नव्हती, निरोप द्यायची आपली पद्धत एक नाही म्हणून झालं.
गुरुवारी आपण सगळे बसून एकच गोष्ट ठरवू: दुपारनंतर आलेला बदल कुणी, कुणाला, कसा सांगायचा.
येताना प्रत्येकानं एक प्रसंग आठवून या, ज्यात तुम्ही सांगितलेलं समोरच्याला कळलं नाही. नाव घ्यायची गरज नाही.
चहा आहे. ३:१० ला संपेल, बस चुकणार नाही."

बसचं वाक्य मुद्दाम टाकलं. आमची पहिली शिफ्ट ३:३० ला सुटते आणि सिडकोकडं जाणारी स्टाफ बस कुणासाठी थांबत नाही. शिफ्टनंतर बसवलं तर ओव्हरटाईम दुप्पट दरानं द्यावा लागतो, तो कुणी मंजूर करणार नाही, आणि फुकट बसवायचं मला पटत नाही. मेलमध्ये वयाचा, पिढीचा उल्लेख कुठंच नाही ते बघा. सगळ्या वयाच्या लोकांना बोलावलंय हे "सर्वांना" म्हणलं त्यातच आलं.

मेल गेल्यावर पोरांनी लगेच अंगठे दाखवले. काकांकडून काहीच नाही. मला आधी वाटलं नाराज आहेत. मग जाऊन बघितलं तर बऱ्याच काकांना स्वतंत्र मेल आयडीच नाही, स्टोअरच्या एका कॉम्प्युटरवर सेक्शनचा एकच आयडी सगळे मिळून वापरतात. सकाळी जो पहिला बसतो तो मेल उघडतो, ठळक अक्षरं साधी होतात, आणि नंतर येणाऱ्याला तो जुना, वाचलेला मेल वाटतो. पहिल्यानं वाचला आणि चहाला गेला, बाकीच्यांना पत्ताच नाही.

म्हणून मी प्रत्येकाजवळ जाऊन सांगितलं. लग्नाची पत्रिका घरी पोचली तरी कुणीतरी येऊन या म्हणावं लागतं, तसंच आहे हे. एक काका म्हणले, "हौ, आता बोलावलंस ना, येतो की." एवढ्या वाक्यानं मला लई बरं वाटलं.

मीटिंग वेळेत झाली, भांडण नाही. एका पोरानं सांगितलं की काका व्हॉइस मेसेज टाकतात, नंतर आकडा शोधायचा तर सगळे मेसेज परत ऐकत बसावं लागतं. काका म्हणले मग अंगठा दाखवता त्यातून आम्हाला काय कळायचं, वाचलं का केलं? दोन्ही रास्त. ठरलं ते असं: फोन ज्यानं घेतला त्यानं तोंडी सांगायचं ते सांगावंच, पण ग्रुपवर पार्ट नंबर आणि नवीन क्वांटिटी आकड्यात टाकायची. ज्याला टाइप करायला जमत नाही त्यानं शेजारच्याला सांगून टाकून घ्यायची. आणि बिलिंगनं अंगठा नाही दाखवायचा, तो आकडा परत लिहायचा, "६०० धरले" असं. ते आल्याशिवाय बिल करायचं नाही आणि गाडीही सोडायची नाही. याची मर्यादा पण आहे, ग्रुपवर शुभेच्छा आणि फोटो यायला लागले की आकडा खाली जातो, म्हणून बदलासाठी वेगळा ग्रुप केला आणि त्यात दुसरं काही टाकलं की मी लगेच डिलीट करायला लावतो.

त्यानंतर परवा एक बदल आला, जालन्याच्या गाडीचा. काकांनी स्वतः टाइप केलं, ४५० च्या जागी ५४० पडलं. पोरीनं "५४० धरले" लिहिलं आणि काकांनी तिथल्या तिथं ओरडून दुरुस्त केलं, बिल निघायच्या आधी.

एक राहिलंच. मेलची प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावू नका, तिथं कुणी बघत नाही. पंचिंग मशीनच्या शेजारी लावा, तिथं रांगेत उभं राहावंच लागतं. आणि आता एचआरमधून हजेरीचा फॉर्म मागायलेत, ट्रेनिंगमध्ये दाखवायला. मी मिनिट्सची कॉपी पाठवलीय, फॉर्म भरणार नाही.