टीडीएसचे 4,050 रुपये आणि पॅनमधलं एक अक्षर

2023-24 मध्ये ठाण्यातल्या एका कॉलेजात मी सेल्फ फायनान्स विभागात व्हिजिटिंग म्हणून अकाउंट्स शिकवत होते. एम.कॉम. आणि सेट दोन्ही झालेलं होतं, त्यामुळे मुलाखत, डेमो लेक्चर आणि नेमणुकीचं पत्र हे सगळं आठवड्याभरात उरकलं. दर लेक्चरला 500 रुपये ठरले आणि पैसे सेमिस्टर संपल्यावर मिळणार होते.

डिसेंबरात पहिल्या सेमिस्टरच्या 41 लेक्चर्सचे 20,500 रुपये पूर्ण जमा झाले. मार्चमध्ये 40 लेक्चर्सचे 20,000 यायला हवे होते, पण खात्यात 15,950 आले. मी त्याच दिवशी अकाउंट्स विभागात गेले. क्लार्क म्हणाले, "मॅडम, टीडीएस कापलाय." 20,000 चे 10 टक्के म्हणजे 2,000 होतात, मग 4,050 का, असं मी विचारलं. त्यांना ते नीट सांगता आलं नाही. घरी येऊन वाचल्यावर उलगडा झाला. असं मानधन तेव्हा आयकर कायद्याच्या कलम 194J खाली प्रोफेशनल फी धरलं जायचं आणि त्या वर्षी मर्यादा 30,000 होती. डिसेंबरची रक्कम मर्यादेच्या आत होती म्हणून कपात झाली नाही. मार्चमध्ये वर्षाची बेरीज 40,500 झाली, मर्यादा ओलांडली गेली आणि सगळ्या 40,500 वर 10 टक्के एकदम कापले गेले. म्हणजे कपात बरोबरच होती. (1 एप्रिल 2025 पासून ही मर्यादा 50,000 झाली.)

माझं वर्षाचं एकूण उत्पन्न करपात्र नव्हतं, तेव्हा आयकर रिटर्न भरून हे पैसे परत मिळणार होते. खरा मनस्ताप इथून सुरू झाला.

जानेवारी ते मार्चच्या कपातीचं टीडीएस रिटर्न कॉलेजने 31 मेपर्यंत भरायचं होतं आणि 15 जूनपर्यंत फॉर्म 16A, म्हणजे कपातीचा दाखला, द्यायचा होता. 20 जूनला मी आयकराच्या साइटवर लॉगिन करून `View Form 26AS` उघडलं, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता, तर माझ्या नावावर एक रुपयाही दिसत नव्हता. कॉलेजात गेले तेव्हा "भरलंय मॅडम, दिसेल दोन दिवसांत" असं सांगितलं. चार दिवसांनी पुन्हा गेले, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या खेपेला क्लार्क रजेवर होते. एरवी लेक्चरशिवाय त्या इमारतीत पाऊल टाकायचं कारण नव्हतं, आणि सुट्टीतल्या फेऱ्यांचे ना पैसे ना नोंद. मला फार चीड आली होती, आणि ती अजून गेलेली नाही. स्वतःच्याच पैशांसाठी हात जोडून उभं राहायचं, कारण उद्या जूनचं टाइमटेबलही ह्यांच्याच हातात!

चौथ्या खेपेला मी हट्टच धरला. "कर भरल्याचं चलन नको, टीडीएस रिटर्नमधली माझी ओळ दाखवा," म्हटलं. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. नाव बरोबर, रक्कम 4,050 बरोबर. मग पॅन अक्षर-अक्षर वाचला. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर P असतं आणि पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर. माझं आडनाव म वरून, तिथे M हवं. त्यांनी N टाकलं होतं. पैसे सरकारकडे गेले होते, पण माझ्या खात्यावर नव्हते.

दुरुस्ती मी करू शकत नव्हते. ती फक्त कॉलेजच करू शकतं, ट्रेसेस या आयकर विभागाच्या टीडीएस साइटवर दुरुस्ती विवरण भरून. क्लार्क म्हणाले, पुढच्या तिमाहीत बघू. तेव्हा मी सांगितलं की चुकीचा पॅन अस्तित्वातच नसेल तर विभाग 20 टक्के कपात अपेक्षित धरतो आणि उरलेली तूट कॉलेजकडे मागतो. त्यांनी मेल उघडून पाहिला, तशी सूचना आधीच येऊन पडली होती. त्याच आठवड्यात दुरुस्ती गेली. माझी अडचण जूनपासून पुढे सरकत नव्हती, ती कॉलेजवर बोजा येताच सुटली.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात 26AS मध्ये नोंद आली, 16A मिळाला आणि 31 जुलैच्या मुदतीआधी मी रिटर्न भरलं.

जाता जाता आठवलं, मस्टरवर सही त्याच दिवशी करा. एका शनिवारच्या दोन लेक्चर्सची सही राहिली होती. मुलांची हजेरी वही दाखवली तेव्हाच ती लेक्चर्स बिलात धरली. आणि रुजू होताना पॅनची नुसती झेरॉक्स देऊ नका. मी पुढच्या वर्षी पॅन ठळक मोठ्या अक्षरात टाइप करून दिला आणि क्लार्कने सिस्टिममध्ये भरल्यावर त्यांच्या शेजारी उभं राहून दहाही अक्षरं मोठ्याने वाचून घेतली. सप्टेंबरात परतावा खात्यात आला, 4,050.