स्टीलचा पेला निसटताना: चुंबकी बोटाची नोंदवही, भाग ३

मागच्या नोंदीत दोन बोटांचा ग्रिपर, म्हणजे माझा यांत्रिक हात, पेला नुसता पकडून उभा राहत होता. या वेळचा प्रयोग असा की, ग्रिपरने रिकामा स्टीलचा पेला बेताच्या दाबाने धरायचा, मी त्यात सावकाश पाणी ओतायचे, आणि वाढत्या वजनाने पेला निसटू लागला की ग्रिपरने ते स्वतः ओळखून पकड तेवढ्यापुरती घट्ट करायची. सुरुवातीपासूनच जास्तीत जास्त जोराने धरले तर हा प्रश्न उरत नाही, हे मला मान्य आहे. पण मग त्याच हाताने कागदी कप धरता येत नाही, आणि माझा सगळा उद्योग त्या कपासाठी चालला आहे.

आधी हिशेब मांडतो. सिलिकॉनचे बोट पेल्याच्याच पत्र्यावर वजनाखाली ठेवून पत्रा तिरका करत गेलो, तेव्हा ते सुमारे ३८ अंशांवर सरकले. म्हणजे कोरड्या स्टीलवर घर्षणांक अंदाजे ०.७८ धरता येतो. पेला रिकामा असताना ११० ग्रॅमचा आहे आणि १५० मिलिलिटर पाणी घातल्यावर २६० ग्रॅमचा होतो. दोन बोटांनी तोलायचे असल्याने प्रत्येक बोटाचा किमान दाब हा वजन भागिले घर्षणांकाची दुप्पट इतका लागतो. रिकाम्या पेल्यासाठी तो ०.६९ न्यूटन येतो आणि भरलेल्यासाठी १.६४ न्यूटन. तोच पत्रा ओला करून मोजल्यावर बोट १९ अंशांवरच घसरले, म्हणजे भरलेल्या पेल्याला बाहेरून पाणी लागले तर ३.७ न्यूटन दाब हवा. पेल्यात काहीही न बदलता केवळ बाहेर ओघळलेल्या पाण्याने गरज दुपटीहून अधिक वाढते, आणि ती किती वाढेल हे आधी सांगता येत नाही. दाब आधीच ठरवून ठेवण्याऐवजी निसटणे ओळखण्यामागे मी लागलो आहे, त्याचे कारण हेच आहे.

पहिल्या दोन आठवड्यांत मी हे काम फक्त प्रेशर फिल्मवर करून पाहिले. कार्बन मिसळलेल्या काळ्या प्लास्टिक फिल्मचा तुकडा तांब्याच्या दोन पट्ट्यांमध्ये ठेवला आणि एक रोधक जोडून व्होल्टेज मोजले. दाब पडल्याचे ती लगेच सांगते. पण पेला माझ्या डोळ्यांदेखत खाली सरकत असताना आलेखाची रेघ जवळजवळ सपाट राहिली. थोडा विचार केल्यावर कारण लक्षात आले. बोटे हलवणारा माझा सर्व्हो मोटर कोन धरून ठेवतो, बल नव्हे. पेला खाली सरकला तरी बोटांमधले अंतर तेवढेच राहते, म्हणून पृष्ठभागावर लंब पडणारा दाबही तेवढाच राहतो, आणि फिल्मला तर फक्त लंब दाबच कळतो. शिवाय सतत दाबून ठेवल्यास तिचे वाचन काही सेकंद आपोआप चढत राहते आणि दाब काढल्यावर जुन्या जागी लगेच परतत नाही. म्हणून समोरच्या बोटात मी फिल्म ठेवली आहे खरी, पण तिच्याकडून न्यूटनमधला आकडा मागत नाही. तिचा उपयोग पुढे येईल.

निसटण्याची खूण पृष्ठभागाला समांतर असलेल्या ताणात असते, आणि तो ताण मोजायला चुंबक फार सोयीचा पडतो. बोटाच्या टोकाला मऊ सिलिकॉनचा घुमट आहे, त्यात ३ मिलिमीटर व्यासाचा आणि १ मिलिमीटर जाडीचा निओडिमियम चुंबक ओतताना बसवला आहे, आणि त्याच्या ५ मिलिमीटर खाली एमएलएक्स९०३९३ हा तिन्ही अक्षांतले चुंबकी क्षेत्र मोजणारा सेन्सर आहे. या अंतरावर क्षेत्र सुमारे ८ मिलिटेस्ला येते आणि घुमट अर्धा मिलिमीटर दाबला गेला की ते १० च्या पुढे जाते. चुंबक एक दशांश मिलिमीटर बाजूला ओढला गेला तर आडव्या अक्षावर २०० मायक्रोटेस्लांहून थोडा अधिक फरक पडतो. पृथ्वीचे क्षेत्र आपल्याकडे ४० मायक्रोटेस्लांच्या आसपास असल्यामुळे हात नुसता फिरवला तरी ८० पर्यंतचा खोटा बदल दिसू शकतो. म्हणून मनगटाजवळ, चुंबकापासून दूर, तसाच दुसरा सेन्सर बसवून त्याचे वाचन वजा करतो.

घुमट ओतणाऱ्यांसाठी एक सूचना येथेच देतो. प्लॅटिनमवर घट्ट होणारे सिलिकॉन लेटेक्सच्या हातमोज्यांतल्या गंधकामुळे आणि रेझिन प्रिंटरच्या काही साच्यांमुळे चिकटच राहते. माझे पहिले तीन घुमट त्यातच वाया गेले.

घुमटावर अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने आडव्या रेघा उठवल्या आहेत. त्यामागचा हेतू असा की, पेला सेकंदाला २० मिलिमीटर वेगाने सरकला तर रेघा एकामागून एक अडकून सुटतात आणि ताणात ४० हर्ट्झची थरथर उमटते. सेन्सर मात्र तेवढ्या वेगाने वाचला पाहिजे. त्याच्यातली गाळणी आणि सरासरी सर्वांत वर ठेवली तर एका वाचनाला सुमारे २०० मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्यात पेला जमिनीवर पोहोचलेला असतो. ती खाली आणून मी सेकंदाला ४०० वाचने घेतो. आकड्यांत गोंगाट वाढतो, पण थरथर दिसू लागते.

थरथर दिसली की पकड घट्ट करायची, एवढाच नियम ठेवून पहिली चाचणी घेतली, आणि ग्रिपरने रिकामा पेला पाण्याची धार लागताक्षणी आवळायला सुरुवात केली. पेला कणभरही निसटला नव्हता. तळावर पडणाऱ्या धारेमुळे पत्रा थरथरत होता आणि ती थरथर निसटण्यासारखीच दिसत होती. त्याहून वाईट गोष्ट पुढे घडली: पकड आवळताना सर्व्होच्या दात्यांचा हादरा बोटात उतरला, प्रोग्रामने तोही निसटणेच समजला, पुन्हा आवळले, पुन्हा हादरा बसला, आणि हे चक्र सर्व्हो अडकेपर्यंत चालले.

उपाय नोंदवलेले आलेख शेजारी ठेवून पाहताना सापडला. पाणी ओतले जात असताना पेला घट्ट असेल तर वजनाबरोबर घुमट खाली ओढला जातो आणि ताणाची सरासरी सावकाश चढत जाते. पेला खरोखर सुटतो त्या क्षणी मात्र ताणलेले सिलिकॉन थोडे मागे उसळी घेते, कारण सरकत्या पृष्ठभागाचे घर्षण स्थिर पृष्ठभागापेक्षा कमी असते, आणि सरासरी खाली येते. धारेने पत्रा कितीही थरथरला तरी ही घसरण दिसत नाही. म्हणून आता दोन्ही खुणा एकत्र मागतो:

```
hp = 0.85 * (hp + sy - sy_old);
sy_old = sy;
en = 0.8 * en + 0.2 * hp * hp;
avg = 0.7 * avg + 0.3 * sy;
drop = avg_max - avg;
if (en > EN_MIN && drop > 30 && millis() - t_last > 60)
    tighten();
```

यात `sy` हा खालच्या दिशेचा ताण मायक्रोटेस्लांमध्ये आहे, `avg_max` ही गेल्या ५० मिलिसेकंदांतली सर्वांत मोठी सरासरी आहे, आणि पहिली ओळ ४०० वाचनांच्या वेगाला सुमारे ११ हर्ट्झखालचे सगळे काढून टाकते. `en` म्हणजे थरथरीची तीव्रता, आणि तिचा उंबरठा `EN_MIN` मी पेला रिकामा आणि स्थिर असताना मिळालेल्या किमतीच्या आठपट ठेवला आहे. शेवटची अट सर्व्होच्या हादऱ्यासाठी आहे: एकदा आवळल्यावर ६० मिलिसेकंद बोटाचे म्हणणे ऐकायचेच नाही.

आवळण्याची पहिली पायरी २ अंशांची आहे. त्या विरामानंतरही निसटणे चालू असेल तर पुढची पायरी ४ अंशांची, आणि एकूण मर्यादा १२ अंशांची. समोरच्या बोटातली फिल्म येथे कामाला येते. आवळल्यावर तिचे वाचन वाढायलाच हवे. ते वाढले नाही, तर बोट पुढे जाते आहे पण वस्तू मागे सरते आहे, म्हणजेच कागदी कपाची भिंत आत दबते आहे, आणि तेव्हा प्रोग्राम तेथेच थांबतो. दोन वाचनांची तुलना तिला उत्तम जमते, कारण एवढ्या थोड्या वेळात तिच्या सरकत्या वाचनाचा त्रास होत नाही.

पेल्यावर पट्टी चिकटवून फोनच्या सेकंदाला २४० चित्रांच्या चित्रणात पाहिले, तेव्हा पहिल्या सर्व्होने पेला थांबेपर्यंत तो सरासरी ६ मिलिमीटर घसरत होता. सुटल्यापासून ओळखेपर्यंत सुमारे २० मिलिसेकंद जातात, ही माझ्या मते समाधानकारक गोष्ट आहे. माणसाच्या बोटांची आपोआप होणारी आवळही साधारण ६० ते ८० मिलिसेकंदांनीच येते. उरलेला वेळ सर्व्हो खात होता. साध्या सर्व्होला नवा आदेश दर २० मिलिसेकंदांनीच पोहोचतो आणि नंतर दात्यांमधली फट भरून निघेपर्यंत बोट हलतच नाही. सेकंदाला ३३३ आदेश घेणारा डिजिटल सर्व्हो लावल्यावर आणि फट नाहीशी व्हावी म्हणून बोटांना एक हलकी स्प्रिंग जोडल्यावर घसरण ३ मिलिमीटरवर आली.

स्टीलच्या पेल्याबद्दल एक गोष्ट मला उशिरा कळली. स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटत नाही असे आपण धरून चालतो, पण ओढून घडवलेल्या पत्र्याचा ताणलेला भाग थोडा चुंबकी होतो, आणि काही स्वस्त पेले तर सगळेच चिकटतात. माझ्या पेल्याच्या तळाजवळ फ्रिजवरचा चुंबक स्पष्ट ओढला जातो. असा पेला बोटाजवळ आणला की स्पर्शाआधीच वाचन बदलते, आणि सरकताना कमीअधिक चुंबकी भाग पुढून गेला की ताणात घसरण झाल्याचा भास होतो. शंका फेडण्यासाठी तोच प्रयोग तांब्याच्या पेल्यावर केला. तेथे हे खोटे इशारे आले नाहीत. आता पेला मधल्या, न चिकटणाऱ्या पट्ट्यातच धरतो आणि शून्य वाचन स्पर्श झाल्यानंतर घेतो.

कोरड्या पेल्यावर २० पैकी १८ वेळा पाणी न सांडता पकड सावरली. बाहेरून ओल्या पेल्यावर मात्र ९ वेळाच. आलेखात कारण दिसते: पाण्याचा थर रेघांमध्ये भरतो, रेघा अडकत नाहीत, पेला अलगद घसरतो आणि `en` उंबरठ्यापर्यंत चढतच नाही, जरी ताणाची घसरण ठळक असली तरी. थरथरीची अट काढून टाकली तर ओले प्रयोग सुधारतात; पण पेला टेबलावर टेकवताना वजन उतरते, त्यालाही प्रोग्राम निसटणे समजतो. त्यामुळे ती अट ठेवून पृष्ठभागच बदलायचे ठरवले आहे. रेघांना छेद देणाऱ्या, एक मिलिमीटर खोल उभ्या चरांचा नवा साचा तयार आहे, म्हणजे पाणी दाबाखाली बाहेर निघून जाईल. त्यातला पहिला घुमट काल रात्री ओतला असून तो अजून साच्यातच आहे.