शब्दाविना आलेली आकृती

सिडकोतल्या माझ्या क्लासची दहावीतली एक मुलगी आईच्या मोबाइलवरून वहीचे फोटो पाठवते. आई सातपूरला कामावर निघाली की मोबाइलही तिच्याबरोबर जातो, त्यामुळे उलट विचारायची सोय नाही. परवाच्या फोटोत नुसतं O केंद्राचं वर्तुळ, बाहेर P बिंदू आणि तिथून काढलेल्या PA, PB या स्पर्शिका. OA वर 3, OP वर 5, दोन्ही स्पर्शिकांवर 4.2. प्रश्न म्हणून एक अक्षर नाही.

क्षेत्रफळ मी आधी बाद केलं. काहीच छायांकित नव्हतं, शिवाय या मापांनी कोन AOB साधारण 106 अंश येतो. क्षेत्रफळाच्या गणितात असले कोन सहसा नसतात, 60, 90, 120 असे सोयीचे असतात. सिद्धता असती तर A पाशी काटकोनाची खूण दिसली असती, आणि मापांची गरजच नव्हती. इथे तर OP च्या वर-खाली पुसट कंस, त्यांतून गेलेला लंबदुभाजक आणि तो OP ला जिथे छेदतो तो M बिंदू केंद्र धरून काढलेलं दुसरं वर्तुळ. म्हणजे रचना. पण ती तर पूर्ण झालेली!

फोटो मोठा करून पाहिला. 3 आणि 5 पेनाने लिहिलेले, 4.2 मात्र पेन्सिलीने. म्हणजे ते दिलेलं माप नव्हतं, तिने पट्टीने मोजलेलं होतं. त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते, म्हणून PA² = 5² − 3² = 16, लांबी 4 सेंमी हवी. एखादा मिलिमीटर पेन्सिलीच्या जाडीत जातो, दोन जात नाहीत. तिला आकृती तपासून हवी होती.

फोटोवर पट्टी लावण्यात अर्थ नव्हता. मोबाइल जरा तिरका धरला की वर्तुळ लांबट होतं. कोणती रेघ कुठून जाते, हे मात्र तिरक्या फोटोतही बदलत नाही. दोन्ही लांब्या सारख्याच चुकल्या होत्या, म्हणजे M बिंदू OP वरच होता, फक्त पुढे सरकलेला. उलटं गणित केलं तर OM 2.5 ऐवजी 2.75 सेंमी येतं. मग M चं वर्तुळ O मधून गेलं तरी P मधून जाणार नाही, अर्धा सेंमी पुढे निघून जाईल. फोटोत ते तसंच पुढे गेलेलं होतं.

मध्यबिंदू इतका हलतो तो बहुधा O वरून कंस काढून P वर टोक ठेवेपर्यंत कंपास मिटल्यामुळे. 3.5 चं अंतर 3.1 झालं तरी एवढा फरक पडतो. "M पुन्हा काढ, कंपासचा स्क्रू बघ," एवढंच लिहून पाठवलं. संध्याकाळी ती कंपास घेऊनच क्लासला आली. स्क्रू इतका ढिला होता, की उचलताच पाय मिटत होते. तो आवळून दिला, नव्या आकृतीत स्पर्शिका 4 आणि 4.1 भरल्या. म्हटलं, चालेल.