हवेला जागा

रविवारी दुपारी लेक गाढ झोपली होती. एसी वीसवर, अंगावर जाड दुलई, आणि दुलईच्या आत जिममधून आल्यावर न बदललेली घट्ट काळी लेगिंग. कूस बदलताना दुलई सरकली आणि कमरेवर उमटलेला इलॅस्टिकचा लालभडक वळ दिसला. बघूनच माझी कंबर आवळली. मी हळूच एसी पंचवीसवर नेला, तर झोपेतच "आई, नको ना गं" असं पुटपुटून तिने दुलई नाकापर्यंत ओढून घेतली.

इलॅस्टिकशी माझं वैर जुनं आहे. आजोळी, अकोल्याला, रात्री अंगाला काहीही आवळलेलं चालायचं नाही. आजोबांचा तसा कायदाच होता. करदोटा तेवढा माफ. आजोबा स्वतः पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात आणि जाळीच्या बनियनमध्ये असायचे. लेंग्याची नाडी इतकी सैल की रात्री पाणी प्यायला उठले की एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात लेंगा. आम्हा पोरांना मात्र नाडीची सुरगाठ कधी जमायची नाही, निरगाठच बसायची. मध्यरात्री ती अंधारात दातांनी सोडवताना जी धांदल उडायची, तिच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. ज्यांनी नाडीचे कपडे घातलेत त्यांना ठाऊक आहे.

मे महिन्यात गच्चीवर झोपणं असायचं. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, फरशीची वाफ निघून गेली की वळकट्या उलगडायच्या. मग आजोबांचा खास कार्यक्रम. एक विरलेलं धोतर बादलीत बुडवायचे, घट्ट पिळायचे, झटकायचे आणि छातीपासून गुडघ्यांपर्यंत पसरून त्याखाली पडायचे. ते वाळलं की उठून पुन्हा बुडवायचे. आम्हाला त्याचा हेवा वाटायचा, पण "पोरांना सर्दी होते" या सबबीवर आम्हाला कधी ओलं फडकं मिळालं नाही.

आता हिशोब मांडला तर आजोबांचं बरोबर होतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. पिळलेल्या धोतरात पाव लिटर पाणी उरलं असं धरू, म्हणजे साधारण १४५. झोपलेला माणूस तासाला सत्तरेक किलोकॅलरी बाहेर टाकतो. यातली बरीच उष्णता धोतर भोवतीच्या गरम हवेतूनच ओढून घेणार, हे खरं. तरीही तासभर तरी आजोबांचं अंग थंड ठेवायला तेवढं पाणी पुरत असणार. आणि झोप लागायला तासभर खूप झाला.

हाच प्रयोग लग्नानंतर ठाण्यात केला. सकाळी उठले तर चादर होती तशी ओली, वर कुबट वास. अकोल्याची मे महिन्यातली हवा कोरडीठाक, कुठूनही पाणी शोषून घ्यायला टपलेली. ठाण्याची हवा आधीच पाण्याने भरलेली, ती आणखी कुठे घेणार? तोच उन्हाळा, तेच कापड, पण इथे ते वाळतच नाही. इथे अंगावरून वारा फिरता ठेवणं एवढंच आपल्या हाती राहतं, आणि तिथेच कपडे सैल की घट्ट हा प्रश्न येतो.

शरीर रात्री स्वतःहून थंड होत जातं. संध्याकाळपासून आतलं तापमान उतरायला लागतं आणि पहाटे चार-पाचच्या सुमाराला तळ गाठतं. दिवसाच्या मानाने जवळपास एक अंश कमी. ही उष्णता बाहेर जाते मुख्यतः हातापायांच्या वाटेने. झोप येऊ लागली की तळहात-तळपायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तिथे गरम रक्त येतं आणि उष्णता हवेत सुटते. झोपाळू बाळाचे तळवे गरम लागतात ते म्हणूनच. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या संशोधकांनी १९९९ मध्ये हे मोजूनही दाखवलं, की हातपाय धडाच्या मानाने जितके उबदार, तितकी झोप लवकर लागते. त्यामुळे थंडीत मोजे घालून झोपण्याचा लेकीचा हट्ट मला मान्य आहे. फक्त त्या मोज्यांना पोटरीवर वळ उठवणारं इलॅस्टिक नको. जिथून उष्णता बाहेर सोडायची तिथेच रक्त अडवायचं, याला काय म्हणावं?

बरं, खोली कितीही थंड असो, पांघरुणाच्या आत माणूस स्वतःपुरतं हवामान तयार करतो. झोप सुखाची असेल तेव्हा तिथली हवा ३२ ते ३४ अंशांच्या आसपास असते. म्हणजे लेक एसी वीसवर ठेवून दुलईत जे गाठते, तेच मी पंख्याखाली सुती चादरीत गाठते. विजेचं बिल मात्र वेगवेगळं येतं. हे तिला सांगून झालंय.

खरी करामत असते ती कापड आणि कातडी यांच्यामधल्या हवेची. स्थिर हवा उष्णता फार हळू वाहून नेते, म्हणून बोटभर जागेत अडकलेली हवा ऊब धरते. तीच हवा हलती झाली की ऊब आणि घाम दोन्ही घेऊन बाहेर पडते. सैल कपड्यात दोन्ही सोयी असतात. निजलेलं असताना ऊब, आणि कूस बदलली, गुडघा वर केला, की आतली दमट हवा बाहेर आणि नवी आत. घट्ट कपड्यात अशी मोकळी हवाच नसते. घाम आला की कापड ओलं होऊन अंगाला चिकटतं, आणि पाणी उष्णता नेतं स्थिर हवेच्या वीसपटीहून जास्त वेगाने. म्हणून घट्ट सुती टी-शर्ट घालून झोपलेला माणूस रात्री बाराला उकडतंय म्हणून पांघरूण फेकतो आणि दोन वाजता पाठीला गार लागतंय म्हणून जागा होतो. एसीला शिव्या घालतो. लेकीची ती जिमची लेगिंग वाईट कापडाची नाही. पॉलिस्टर स्वतः घाम फारसा पीत नाही, तो पसरवून उडवतं, म्हणून तर ते पळताना बरं. पण पळताना वारा लागतो. दुलईत कुठला वारा?

पावसाळ्यात याच कोंडलेल्या दमटपणातून जांघेत नायटा उठतो. डॉक्टर मलम देतात आणि सोबत सैल, सुती, रोज धुतलेले कपडे घालायला सांगतात. मलम सगळे लावतात.

एवढं सगळं ऐकवल्यावर मी सैल कपड्यांची भक्त असणार असं वाटेल. आहे, पण अर्धी. वाळवंटातले भटके बेदुईन लोक काळे पायघोळ झगे का घालतात यावर १९८० मध्ये 'नेचर'मध्ये एक मजेदार शोधनिबंध आला होता. काळं कापड उन्हात जास्त तापतं, पण झगा सैल असल्याने ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोचण्याआधीच निघून जाते, असा निष्कर्ष. छान. पण ती माणसं उभी होती. आडवं झालं की झगा अर्धा आपल्याच अंगाखाली दाबला जातो. गाऊन घालून झोपणाऱ्या बाईला विचारा. दोनदा कूस बदलली की तो गुडघ्यांवर चढतो, चौथ्यांदा मांड्यांभोवती पीळ बसतो आणि पहाटे पाय हलवायला जावं तर पायच हलत नाहीत. घट्ट कपड्याने निदान आधीच कल्पना दिलेली असते. मला विचाराल तर दोन-चार बोटं सैल, गुडघ्याच्या जरा खाली येणारा, धुऊन धुऊन मऊ झालेला सुती कपडा. नवा गाऊन रात्रीसाठी कुचकामी, त्यातली खळ जायलाच चार-सहा धुण्या लागतात.

माझा हा सैल सिद्धांत डिसेंबरात भावजयीने मोडला. ती न्यू जर्सीहून पोरांना घेऊन आली होती. चार वर्षांच्या भाच्याचा नाइट सूट बघितला तर केळ्याच्या सालीगत अंगाला चिकटलेला. मी म्हटलं, "अगं, दोन मापं मोठा घे की, वाढतं वय आहे." तिने नव्या जोडीला लटकलेलं पिवळं लेबल पुढे केलं. "ताई, मुद्दामच घट्ट असतो. सैल कपडा पटकन पेट घेतो."

तिकडे १९५३ पासून पेटणाऱ्या कापडांचा कायदा आहे. पुढे लहान मुलांच्या रात्रीच्या कपड्यांसाठी नियम झाला की कापड सहजी न पेटणारं हवं. म्हणून कापडात रसायनं घातली गेली. त्यातल्या 'ट्रिस' नावाच्या रसायनाने कॅन्सरचा धोका आहे असं दिसल्यावर १९७७ मध्ये त्याच्यावर बंदी आली. शेवटी १९९६ मध्ये पळवाट निघाली, की साधं सुती कापड चालेल, पण अंगाबरोबर बसलं पाहिजे. कारण सरळ आहे. सैल कापडाला दोन्ही बाजूंनी हवा मिळते, ज्योत त्यावर सरसर वर चढते. अंगाला टेकलेल्या कापडाला आतून हवा मिळत नाही, आणि ते लोंबत नसल्याने मुळात आगीपर्यंत जातही नाही.

म्हणजे मी ज्या हवेचे इतके गोडवे गायले, तीच.

तिकडे गाऊन रात्रीचा असतो. आपल्याकडे तो पहाटे पाचला अंथरुणातून उठून थेट गॅसपाशी जातो. दूध, चहा, डब्याची पोळी, सगळं गाऊनमध्येच, दारावर कचरेवाला आला तर वरून ओढणी. पुढच्या शेगडीवर चहा आणि मागच्या शेगडीवर कुकर असला की कुकर उतरवायला हात पेटत्या ज्योतीवरूनच जातो, आणि बाही हातासोबत. सुती बाही भसकन पेटते. नायलॉन, पॉलिस्टर पेटता पेटता वितळून कातडीला चिकटतं, सोडवताना कातडीही येते. स्टोव्हच्या काळात आमच्या वाड्यातली एक बाई तशी गेली. तेव्हा मोठ्या माणसांनी आम्हाला आत पाठवलं होतं. तिच्या हिरव्या जाळीदार पदराबद्दल मात्र बायका कितीतरी दिवस बोलत होत्या.

आईला पहाटे चहा लागतो आणि तो तिचा तीच करते. भावजय परत गेल्यावर मी आईला आखूड बाह्यांचे, अंगाबरोबरचे सुती गाऊन शिवून आणले. घेरही कमी ठेवायला सांगितला होता. आईने घालून पाहिले, मान डोलावली. परवा गेले तर नवा गाऊन घालूनच ओट्यापाशी उभी होती. वर जॉर्जेटची लांब ओढणी. "हात उघडे दिसतात गं," म्हणाली.