आमची वाटचाल : सोलापूर, डब्लिन, डेन्व्हर आणि मधला अर्धा तास

जुळे सोलापुरात दोन खोल्यांमध्ये आम्ही सर्व्हर सपोर्टचं काम सुरू केलं तेव्हा नाइट शिफ्ट होती, आणि पोरं आजारी पडायला लागली तसं ठरवलं की रात्र कुणीच जागायची नाही. डब्लिन आणि डेन्व्हरच्या दोन छोट्या टीमशी हातमिळवणी केली. आम्ही सकाळी साडेसात ते दुपारी चार, मग डब्लिन, मग डेन्व्हर, आणि प्रत्येक सांध्यावर अर्धा तास दोन्ही टीम एकत्र. त्या अर्ध्या तासात उघडी तिकिटं, म्हणजे कस्टमरच्या अजून न सुटलेल्या तक्रारी, तोंडी सांगून द्यायची.

हिवाळाभर मस्त चाललं. मग 9 मार्च 2025 ला अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे गेली, आपल्याकडे तसलं काही नसतंच, त्यामुळे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. डेन्व्हरवाले त्यांच्या साडेसातलाच घरी गेले, पण आपल्याकडे तेव्हा आठऐवजी सातच वाजले होते. म्हणजे अर्ध्या तासाचा सांधा गेला आणि त्या जागी अर्ध्या तासाचं भोक पडलं.

मंगळवारी सकाळी त्यातच एका कस्टमरची डेटाबेसची डिस्क भरली. डेन्व्हरच्या माणसाने आदल्या शिफ्टला जुने लॉग हलवून जागा केली होती, नोटमध्ये एवढंच, "डिस्क फुल होती, लॉग हलवले, लक्ष ठेवा." डिस्क किती वेगाने भरतीये, परत कधी भरेल, कस्टमरला काय शब्द दिलाय, काहीच नाही. सात दहाला साइट बंद, फोन उचलायला कुणी नाही. साडेसातला आमची मुलगी आली, तिने कस्टमरलाच विचारलं नेमकं काय झालंय, आणि तो भडकला, कारण तो तिसऱ्यांदा तेच सांगत होता. "दादा, मला नोटवरून काहीच कळलं नाही हो," ती रडवेली झालेली. चूक तिची नव्हती, आम्ही लावलेल्या पद्धतीची होती.

आता वेळापत्रक यूटीसीत, म्हणजे कधीच पुढेमागे न होणाऱ्या जागतिक वेळेत लिहितो आणि शेजारी तिन्ही गावांची वेळ. युरोपची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतात, म्हणजे मधले दोन-तीन आठवडे डेन्व्हर पुढे सरकलेलं आणि डब्लिन जागेवरच, तेव्हा आम्हाला साडेसहा ते चार सांभाळावं लागतं, मग एक जण साडेसहाला येतो आणि दुसरा साडेसातला. डब्लिन बदललं की सगळेच साडेसहा ते तीन. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उलटं होतं, पण तिथे फरक एकाच आठवड्याचा.

नोटमध्ये सध्याची स्थिती, काय करून झालं, पुढचं पाऊल किती वाजता आणि कस्टमरला काय सांगितलंय हे लिहायचंच. घेणाऱ्याने नोट वाचून "घेतलं" लिहीपर्यंत तिकीट देणाऱ्याच्याच नावावर, तोवर त्याने उठायचं नाही. आणि खोल तपास चाललेलं, घाई नसलेलं तिकीट आम्ही पुढे देतच नाही, ज्याने सुरू केलं तोच दुसऱ्या दिवशी पुढे नेतो, नाहीतर दर आठ तासांनी नवा माणूस पहिल्यापासून वाचत बसतो.

त्या मुलीनेच आता मार्चची ड्युटी लावायचं काम घेतलंय, फेब्रुवारीतच तिचा कागद भिंतीवर लागतो.