काळ्या कागदाला पांढरी रिबीन

यंदा जानेवारीत एकाच आठवड्यात तीन कार्यक्रम आले: नणंदेच्या नातवाचं बोरन्हाण, मामांचं सहस्रचंद्रदर्शन आणि शेजारच्या अकरा वर्षांच्या मुलीचा वाढदिवस. भेटी ठरल्या होत्या, कागद-रिबिनी आणायला रविवार पेठेत बोहरी आळीत गेले.

बोरन्हाणाचं सोपं होतं. एरवी शुभकार्याला काळा रंग म्हटलं की घरातली मोठी माणसं डोळे वटारतात, पण संक्रांत ते रथसप्तमी काळ्याला मुभा असते. बाळाला काळं झबलं आणि अंगावर हलव्याचे दागिने, मग भेटही तशीच का नको? काळा कागद, पांढरी पाव इंची सॅटिनची रिबीन. तान्ह्या मुलांना फिकट गुलाबी-आकाशीपेक्षा असा ठळक गडद-उजेडाचा फरक चटकन दिसतो, हा आणखी एक फायदा.

अडचण कागदाची. छापील काळा कागद आतून पांढरा असतो. घडी घातली की कडेला रंग उडून पांढरी रेघ उमटते आणि नवीन खोका जुनाट दिसायला लागतो. दुकानात कागदाचा कोपरा दुमडून नखाने दाबून बघावं, लगेच कळतं. मी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला काळा कागद घेतला. त्याच्या लगद्यातच रंग असतो, त्यामुळे कड काळीच राहते. जाड असल्याने साधी चिकटपट्टी निसटते, दोन्ही बाजूंनी चिकटणारी लावावी लागते. कुरळी प्लास्टिकची रिबीन मात्र घेतली नाही. मूल ती तोंडात घालतं. कापडी रिबिनीचीही लोंबती टोकं ठेवली नाहीत.

मामांच्या शालीचा खोका मात्र डोकं खाऊन गेला. हजार पौर्णिमांचे चंद्र, म्हणून जो तो गडद निळ्यावर चंदेरी सुचवत होता. दुकानदारानेही तेच काढून ठेवलं. म्हणाला, "ताई, हेच चालतंय सध्या." ट्यूबच्या पांढऱ्या उजेडात दिसतही होतं सुरेख. पण कार्यालयात पिवळे दिवे. त्या उजेडात निळ्याचं तेज जातं, गडद निळा सरळ काळा दिसतो आणि चंदेरीवर पिवळट झाक येते. मामींना सहस्रचंद्रदर्शनाच्या पाटाजवळ काळा खोका दिसला असता, तर शालीआधी त्याचीच चर्चा झाली असती. शिवाय वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं. मामांना हल्ली गडद निळ्या आणि काळ्या मोज्यांतला फरकही कळत नाही.

म्हणून विचार साडीच्या काठासारखा केला. अंग एका रंगाचं, काठ असा की लांबूनही वेगळा उठून दिसावा. डाळिंबी कागद, त्यावर फिकट सोनेरी रिबीन. डाळिंबी पिवळ्या दिव्यात मरत नाही, उलट खुलतो. दोन्ही रंग दुकानाच्या दारात उन्हात धरून बघितले आणि मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढला. शेजारी ठेवलेली आमसुली कागद-हिरवी रिबीन ही जोडी त्या फोटोत सपाट करडी झाली, रिबीन कुठे सुरू होते तेच कळेना. डाळिंबीवर सोनेरी पट्टा स्वच्छ दिसत होता. ज्यांची नजर अधू आहे त्यांना गाठ कुठे आहे ते याच फरकावरून सापडतं, रंगाच्या नावावरून नाही.

चकचकीत कागद मुद्दाम टाळला. दिव्यांची तिरीप पडून फोटोत रिबीन पुसली जाते आणि प्रत्येक सुरकुती दिसते.

रिबिनीचा हिशेब दुकानातच केला. खोका चौदा बाय दहा, उंची तीन इंच. आडवा-उभा एक वेढा घालायला लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट आणि उंची चौपट: २८, २० आणि १२, म्हणजे ६० इंच. बो आणि टोकांसाठी दोन फूट धरले, ८४ इंच झाले. सव्वादोन मीटर घेतली. इंचभर रुंदीची घेतली, कारण एवढ्या खोक्यावर अर्धा इंची दोरीसारखी दिसते. गाठ घट्ट न बांधता नुसती सुरगाठ ठेवली, टोक ओढलं की सुटणारी.

वाढदिवसाची मुलगी स्वतःच सोबत आली होती. "मावशी, गुलाबी नको हं, ते लहान मुलींचं असतं," असं आधीच बजावलेलं. तिने पोपटी कागद उचलला आणि त्यावर जांभळी रिबीन. मी एरवी हे कधीच निवडलं नसतं. कृष्णधवल फोटोत मात्र ही जोडीही स्वच्छ उठून दिसली, तेव्हा गुपचूप पैसे दिले.