केळीच्या व्हिडिओतले पोल आणि फाटे कसे तपासले : माझा अनुभव

जळगाव जिल्ह्यातल्या केळी उत्पादकांसाठी आम्ही सीएमव्ही या केळीच्या विषाणूजन्य रोगावर एक इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ केला. दोन मिनिटांनी एक पोल येतो : पानावरचे पिवळे पट्टे दाखवून झाल्यावर ‘असे पट्टे तुमच्या बागेत दिसले का?’ असा. साडेतीन मिनिटांनी लागवडीच्या हंगामाप्रमाणे फाटा फुटतो : जून-जुलैची ‘मृगबाग’ की सप्टेंबर-ऑक्टोबरची ‘कांदेबाग’. मृगबागेची वाट पुढे पाच मिनिटांची, कांदेबागेची तीन. हा पोल आणि हा फाटा कामाचे आहेत का, हे ठरवण्याचं काम माझ्याकडे होतं. ते कसं केलं, ते इथे सविस्तर लिहितो. हिशेब डोक्यात बसावा म्हणून आकडे गोल करून घेतले आहेत, ते उदाहरण म्हणूनच वाचावेत.

आधी नोंदी कशा होत्या ते बघा. एका प्रेक्षकाच्या एवढ्या ओळी पुरतात :

```
u=4f2 t=120 poll_shown
u=4f2 t=120 poll_click opt=2 wait=6.4
u=4f2 t=210 branch_shown
u=4f2 t=210 branch_click to=kande wait=3.1
u=4f2 path=kande sec_watched=371
```

यात सगळ्यात मोलाच्या ओळी `shown` च्या. पोल पडद्यावर आला याची वेगळी नोंद नसेल, तर क्लिकचं प्रमाण कशाने भागायचं हेच कळत नाही. समजा १,००० जणांनी व्हिडिओ सुरू केला, ६०० जण दोन मिनिटांपर्यंत पोचले आणि २४० जणांनी पोलला उत्तर दिलं. सुरू करणाऱ्यांनी भागलं तर २४ टक्के, पोल दिसलेल्यांनी भागलं तर ४० टक्के. पहिल्या आकड्यात सुरुवातीच्या दोन मिनिटांची गळती मिसळलेली असते, त्यामुळे त्यावरून पोलबद्दल काहीच बोलता येत नाही. पोलची पारख दुसऱ्या आकड्यानेच करायची.

दुसरी नजर `wait` वर ठेवायची, म्हणजे पोल दिसल्यापासून बोट पडेपर्यंतच्या सेकंदांवर. प्रश्न आणि तीन पर्याय वाचायला चार-पाच सेकंद तरी लागतात. पोल आल्यावर व्हिडिओ थांबत असेल आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकत नसेल, तर क्लिकचं प्रमाण नव्वदीच्या घरात जातं. पण त्यातले कितीतरी क्लिक एका सेकंदाच्या आत आणि पहिल्याच पर्यायावर पडलेले दिसतात. तिथे माणसाने प्रश्न वाचलेला नसतो, वाटेतलं फाटक ढकललेलं असतं. म्हणून आम्ही पर्यायांचा क्रम प्रेक्षकागणिक बदलता ठेवला. क्रम बदलूनही वरचाच पर्याय पुढे राहत असेल, तर ती उत्तरं जमेस धरायची नाहीत.

आता मुख्य प्रश्न. पोलला उत्तर देणाऱ्या २४० जणांपैकी १६८ जणांनी व्हिडिओ पूर्ण पाहिला, म्हणजे ७० टक्के. उत्तर न देणाऱ्या ३६० पैकी १२६ जणांनी, म्हणजे ३५ टक्के. तक्ता असा समोर आला की कुणीही म्हणेल, पोलमुळे पूर्ण पाहणारे दुप्पट झाले, अजून दोन पोल टाका. हा निष्कर्ष चुकीचा आहे. ज्याच्या बागेत खरोखर पिवळे पट्टे दिसताहेत तो रावेरचा शेतकरी पोललाही उत्तर देतो आणि शेवटपर्यंतही बघतो; पोल नसता तरी त्याने बघितलंच असतं. क्लिक आणि पूर्ण पाहणं या दोन्ही गोष्टी त्याच्या गरजेतून आल्या. एकामुळे दुसरी झाली, असं या तक्त्यावरून सिद्ध होत नाही.

यावर उपाय एकच : तोच व्हिडिओ काहींना पोलसह आणि काहींना पोलशिवाय दाखवायचा. कुणाला कोणता, हे प्रेक्षकाच्या आयडीवरून चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं आणि नंतर बदलायचं नाही. नाहीतर तोच माणूस सकाळी एका गटात आणि संध्याकाळी दुसऱ्या गटात जातो. पोल नसलेल्या गटातही दोन मिनिटांची खूण नोंदवायला लागते. ती नसेल तर तुलना कुठल्या ठिकाणापासून करायची, हा प्रश्न उरतो.

मग दोन्ही गटांतले दोन मिनिटांपर्यंत पोचलेले सगळेच्या सगळे घ्यायचे, क्लिक केलेले आणि न केलेले एकत्र. पोलच्या गटात ६०० पैकी १६८ अधिक १२६, म्हणजे २९४ जणांनी पूर्ण पाहिलं, ४९ टक्के. पोल नसलेल्या गटात ६०० पैकी ३१२ जणांनी, ५२ टक्के. आधीच्या तक्त्यात जिथे दुपटीचा फायदा दिसत होता, तिथे प्रत्यक्षात तीन टक्क्यांची घट आहे. मात्र ही घटही लगेच खरी धरायची नाही. प्रत्येक गटात ६०० माणसं असताना अशा फरकात निव्वळ योगायोगाने साधारण पावणेसहा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतं. तीन टक्क्यांचा फरक खात्रीने पकडायचा तर प्रत्येक गटात साडेचार हजारांच्या आसपास माणसं त्या खुणेपर्यंत पोचायला हवीत. तेवढी नसतील तर एवढंच म्हणायचं : पोलने शेवटपर्यंत पाहणारे वाढले, असा पुरावा नाही.

इथे एक बारीक गोष्ट. एच-फाइव्ह-पीसारख्या साधनात प्रश्नाच्या जागी खालच्या पट्टीवर ठिपका दिसतो. तो दिसत असेल तर दोन्ही गट पहिल्या सेकंदापासूनच वेगळे झाले. काही जण ठिपका बघून थेट तिथे उडी मारतात. अशा वेळी खुणेपर्यंत पोचलेल्यांऐवजी सुरू करणाऱ्या सगळ्यांची तुलना करावी, किंवा तो ठिपका दोन्ही गटांत सारखाच ठेवावा.

फाट्याचा हिशेब याहून नाजूक आहे, आणि तिथे पहिला घोळ ‘पूर्ण पाहिला’ म्हणजे काय इथेच होतो. आमच्या व्हिडिओची सगळी दृश्यं मिळून साडेअकरा मिनिटं होतात. पण कांदेबाग निवडणारा फार तर साडेसहा मिनिटं बघणार आणि मृगबागवाला साडेआठ. पाहिलेल्या वेळाला साडेअकराने भागलं, तर इमानेइतबारे शेवटपर्यंत बघणाऱ्यालाही अनुक्रमे ५७ आणि ७४ टक्के मिळतात. ‘८० टक्के पाहिलं म्हणजे पूर्ण’ असा नियम लावलेला असेल, तर व्हिडिओ पूर्ण पाहणारा एकही माणूस सापडत नाही. म्हणून भागाकार ज्याच्या त्याच्या वाटेच्या लांबीने करायचा. शिवाय पट्टी ओढून शेवटाला नेली तरी काही साधनं ‘पूर्ण’ अशी नोंद टाकतात, त्यासाठी प्रत्यक्ष पाहिलेले वेगवेगळे सेकंद मोजावेत. वरच्या ओळीतले ३७१ सेकंद म्हणजे कांदेबागेच्या वाटेच्या ३९० सेकंदांपैकी ९५ टक्के. हा माणूस पूर्ण पाहणाऱ्यांत गेला. शेवटचं ‘धन्यवाद’ त्याने बघितलं नसेल, तर त्याने काही बिघडत नाही.

पोलच्या गटातले ४८० जण फाट्यापर्यंत पोचले. ३०० जणांनी मृगबाग निवडली, १२० जणांनी कांदेबाग, आणि ६० जणांनी काहीच निवडलं नाही; ठरलेला वेळ संपल्यावर व्हिडिओ आपोआप मृगबागेच्या वाटेला लागला. हे ६० वेगळे ठेवलेच पाहिजेत. त्यातल्या २४ जणांनीच पूर्ण पाहिलं, म्हणजे ४० टक्के. त्यांना मृगबागेत मिसळलं की त्या वाटेचा आकडा ६० टक्क्यांवरून ५७ वर येतो आणि दोष विनाकारण मजकुराला लागतो.

निवडणाऱ्यांमध्ये मृगबागेच्या ३०० पैकी १८० जणांनी पूर्ण पाहिलं, ६० टक्के. कांदेबागेच्या १२० पैकी ९० जणांनी, ७५ टक्के. कांदेबागेचा भाग चांगला जमला, असं म्हणावंसं वाटतं. पण एक वाट पाच मिनिटांची आहे आणि दुसरी तीन. म्हणून दोन्हीकडे फाट्यानंतर तीन मिनिटांनी किती जण टिकले ते पाहिलं : मृगबागेत २२८, म्हणजे ७६ टक्के, आणि कांदेबागेत ७५ टक्के. तिथवर दोन्ही वाटा बरोबरीच्या आहेत. मृगबागेची गळती शेवटच्या दोन मिनिटांत आहे. म्हणजे वाट मोडीत काढायची गरज नाही, त्या दोन मिनिटांत काय आहे ते बघायचं. तिथे बागेत भाजीपाल्याचं आंतरपीक का नको आणि हा रोग पसरवणारी मावा कीड कशी रोखायची, हे सलग बोलून सांगितलं होतं, दृश्य जवळजवळ नव्हतंच.

फाट्यावर आणखी एक खूण बोलकी असते : निवड केल्यावर वीस सेकंदांच्या आत मागे येऊन दुसरं बटण दाबणारे. हे प्रमाण वाढलं की बटणावरचा मजकूर तपासायचा. मृगबाग जून-जुलैची, कांदेबाग सप्टेंबर-ऑक्टोबरची. ऑगस्टमध्ये लागवड केलेला माणूस मधेच अडकतो, आधी एक वाट बघतो, मग दुसरी. त्याच्यासाठी ‘ऑगस्टमध्ये लावली’ असं तिसरं बटण दिलं आणि ते मृगबागेच्याच वाटेला जोडलं. अशा माणसांची पहिली आणि शेवटची निवड दोन्ही नोंदवावी, पण गट मात्र पहिल्या निवडीवरून धरावा. शेवटची निवड धरली तर जो जास्त वेळ टिकला तोच मोजला जातो.

सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-चोपड्याच्या वरच्या गावांत रेंज जाते आणि क्लिकची ओळ वाटेतच हरवते. हे ओळखायचं कसं? फाट्याच्या क्लिकची नोंद नाही, पण `path=kande` चे सेकंद मात्र आहेत. वेळ संपल्यावर व्हिडिओ मृगबागेलाच जातो, तेव्हा कांदेबागेचे सेकंद असणं म्हणजे क्लिक झालाच होता. तो आपण भरून घ्यायचा. मृगबागेच्या वाटेबद्दल मात्र असं छातीठोक सांगता येत नाही, म्हणून वेळ संपल्याचीही स्वतंत्र ओळ टाकायला लावली. पोलच्या हरवलेल्या क्लिकला असा माग नसतो. त्यासाठी नोंदी फोनमध्ये साठवून रेंज आल्यावर पाठवायच्या आणि हिशेब दोन दिवस थांबून करायचा. कृषी सेवा केंद्रात एकाच फोनवर चार जण बघतात तेव्हा एक क्लिक चौघांचा असतो. नोंदींवरून ते वेगळं काढता येत नाही, तेव्हा टक्केवारी फोनांची आहे, माणसांची नाही, असं अहवालात सरळ लिहावं.

शेवटी निर्णय असा घेतला. फाटा ठेवला, कारण दोन्ही वाटा तीन मिनिटांपर्यंत सारख्या टिकतात आणि शेतकऱ्याला नको असलेला हंगाम बघावा लागत नाही. मृगबागेच्या शेवटच्या दोन मिनिटांत माव्याचं जवळून चित्रण घालून ती सव्वा मिनिटावर आणली. पोलबद्दल मतभेद झाले. माझं म्हणणं, ज्या पोलच्या उत्तराने पुढे काहीच बदलत नाही तो काढावा. म्हणून त्याची जागा तीच ठेवून काम बदललं : ‘हो, दिसले’ म्हणणाऱ्याला रोगट झाडं उपटून नष्ट करण्याचा भाग आधी दिसतो, ‘नाही’ म्हणणाऱ्याला आधी माव्यावर लक्ष ठेवण्याचा. दोन्ही भाग दोघांनाही दिसतात, फक्त क्रम बदलतो, त्यामुळे वाटेची लांबी तीच राहते. याची चाचणीही चिठ्ठी टाकूनच, आणि प्रत्येक गटात साडेचार हजार जण दोन मिनिटांची खूण ओलांडेपर्यंत निकालाचा तक्ता उघडायचा नाही, असं ठरवून घेतलं आहे; रोज बघत राहिलं की एखाद्या दिवशी फरक दिसतोच आणि चाचणी तिथेच थांबवायचा मोह होतो.